सूर्या प्रकल्प: धरण कुणाचे, पाणी कुणाला?

वैतरणेची उपनदी असलेल्या सूर्येवर धामणी येथे धरण आणि त्याखाली कवडास येथे उन्नैयी बंधारा बांधला गेला. प्रकल्प मुख्यतः डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतील शेतीच्या सिंचनासाठी होता. बुडीत क्षेत्रातील आदिवासी कुटुंबांना चंद्रनगर, हनुमाननगर अशा वसाहतींत हलवण्यात आले.

विस्थापिताचा मोबदला प्रामुख्याने सातबाऱ्यावरून ठरतो. ज्याच्या नावावर जमीन, त्याला पैसे किंवा पर्यायी जमीन. पण आदिवासी घर केवळ भातखाचरावर चालत नाही. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात मोहाची फुले, नदीतले मासे, गुरांना चराई, चुलीला सरपण, हे सारे फुकट मिळत असते. त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसल्याने भरपाईही नसते. नव्या वसाहतीत तेच विकत घ्यावे लागते आणि त्यासाठी मजुरीला, वीटभट्टीवर जावे लागते.

पुढे पाण्याचा वापरही बदलला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेत रोज 403 दशलक्ष लिटर पाणी राखले गेले: 218 मीरा-भाईंदरला, 185 वसई-विरारला. शहरांची तहान खरीच आहे. परंतु पाणीपट्टीत धरणाचा, जलवाहिनीचा, विजेचा खर्च धरता येतो, बुडालेल्या रानाचा धरला जात नाही. तो खर्च विस्थापित कुटुंबे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी सोसतात.