अडीचशे अंशांवर, साठ किलोमीटर

हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, मच्छीमारांसाठी संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना काढतं. उपग्रहांकडून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य कळतं, आणि त्यावरून मासळी कुठे जमण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधला जातो. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. एरवीही ढग दाटून आले की उपग्रहाला नीट दिसत नाही. पण आकाश मोकळं असलं की बंदराच्या नावापुढे दिशा, अंशांमधला दिशाकोन, किलोमीटरमधलं अंतर आणि पाण्याची खोली असा तपशील येतो. अक्षांश-रेखांशही त्यातच असतात. तरीही जेट्टीवर आणि फोनवर एकमेकांना सांगताना ‘अमुक बंदरापासून अडीचशे अंशांवर साठ किलोमीटर’ असंच सांगितलं जातं, कारण ते लक्षात राहतं. जीपीएसला मात्र अक्षांश-रेखांशच लागतात.

तेव्हा हे गणित एकदा हातानं करून पाहू. सुरुवात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून. सोयीसाठी बंदर १७.०० अंश उत्तर, ७३.२८ अंश पूर्व इथे आहे असं धरू. दिशाकोन, म्हणजे बेअरिंग, २५० अंश. हा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजतात: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. म्हणजे २५० अंश ही पश्चिमेच्या थोडी दक्षिणेकडे झुकलेली दिशा झाली. उत्तर नैर्ऋत्येलाच यायला हवं, हे आकडेमोडीआधी मनाशी पक्कं करून ठेवावं. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता त्या ६० किलोमीटरचे दोन भाग करायचे: उत्तर-दक्षिण किती आणि पूर्व-पश्चिम किती. पहिल्यासाठी अंतराला कोनाच्या कोसाइननं गुणायचं, दुसऱ्यासाठी साइननं. २५० अंशांचा कोसाइन उणे ०.३४२ आहे आणि साइन उणे ०.९४०. गुणाकार केला की दक्षिणेला साधारण २०.५ किलोमीटर आणि पश्चिमेला ५६.४ किलोमीटर येतात. उणे चिन्ह पहिल्या भागात दक्षिण सांगतं, दुसऱ्यात पश्चिम.

राहिलं किलोमीटरचे अंश करणं. अक्षांशाचं काम सोपं आहे, कारण एक अंश कुठेही जवळपास १११.२ किलोमीटरचाच असतो. २०.५ ला १११.२ नं भागलं की ०.१८५ अंश. ते १७ मधून वजा केले की नवा अक्षांश सुमारे १६.८१५ येतो.

रेखांशाला मात्र एक पायरी जास्त लागते आणि घाईत तीच राहून जाते. रेखावृत्तं संत्र्याच्या फोडींसारखी ध्रुवांकडे निमुळती होत जातात. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला, तरी ६० अंश अक्षांशावर तो निम्मा उरतो. म्हणून १११.२ ला अक्षांशाच्या कोसाइननं गुणून घ्यायचं. अक्षांश सुरुवातीचा आणि शेवटचा यांच्या मधला घ्यावा, इथे १६.९. त्याचा कोसाइन ०.९५७, म्हणून रत्नागिरीसमोर रेखांशाचा एक अंश साधारण १०६.४ किलोमीटरचा. ५६.४ ला १०६.४ नं भागून ०.५३ अंश येतात. ७३.२८ मधून ते गेले की ७२.७५. ठिकाण सापडलं: १६.८१५ उत्तर, ७२.७५ पूर्व.

हेच स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर A1 मध्ये अक्षांश, B1 मध्ये रेखांश, C1 मध्ये दिशाकोन आणि D1 मध्ये किलोमीटर भरा. पहिली ओळ E1 मध्ये लिहा, दुसरी F1 मध्ये:

```
=A1+D1*COS(RADIANS(C1))/111.2
=B1+D1*SIN(RADIANS(C1))/(111.2*COS(RADIANS((A1+E1)/2)))
```

यातला RADIANS शब्द गाळू नका. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्येच समजते. तो शब्द राहिला तर तिला २५० रेडियन दिसतात, आणि ती दिशा फिरून साधारण २८४ अंशांवर येते. पहिल्या ओळीतच तो राहून गेला तर अक्षांश १७ च्या वर चढतो, म्हणजे ठिकाण नैर्ऋत्येऐवजी वायव्येला जातं. आधी पक्की केलेली दिशा इथे कामी येते.

हा हिशेब पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट धरतो. गोलाचं पूर्ण सूत्र वापरून हेच ठिकाण काढलं तर उत्तरात साधारण ८० मीटरचा फरक पडतो. पृथ्वी अगदी गोलही नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. ते धरणारं सूत्र व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिलं. ते वापरलं की आणखी शंभरेक मीटरचा फरक पडतो. जमिनीची मोजणी करणाऱ्याला हे मीटर महत्त्वाचे आहेत. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात तर सपाट हिशेब सोडूनच द्यावा लागतो, कारण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ही चूक वाढते. पण ६० किलोमीटरवरच्या मासळीसाठी या सूत्रांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दिशाकोन पूर्ण अंशात सांगितला असेल तर त्यातच अर्ध्या अंशाची ढिलाई आहे, आणि ६० किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे पाचशे मीटरहून जास्त. होकायंत्र तर चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी उत्तर नाही. आपल्या किनाऱ्यावर दोन्हींतला फरक लहान असला, तरी एक पूर्ण अंश चुकला तर तेवढ्या अंतरावर एक किलोमीटर जातो.

खरी मोठी चूक आकडे भरताना होते. पहिली एककाची: होडीवरचा जीपीएस बहुधा नॉटिकल मैलांवर लावलेला असतो, आणि एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. आपले ६० किलोमीटर म्हणजे ३२.४ मैल. सरळ ६० भरलं तर होडी १११ किलोमीटरवर जाईल. डिझेलही जवळपास दुप्पट जाळावं लागेल.

दुसरी चूक दशांश आणि मिनिटांची. ७३.२८ अंश म्हणजे ७३ अंश २८ मिनिटं नव्हेत. अंशाची मिनिटं ६० असतात, म्हणून ०.२८ ला ६० नं गुणून ७३ अंश १६.८ मिनिटं होतात. बंदराचाच आकडा कुणी ७३ अंश २८ मिनिटं असा भरला, तर ते सुमारे २० किलोमीटर पूर्वेला सरकतं, थेट जमिनीत. बंदराच्या बाबतीत ही चूक नकाशावर लगेच दिसते. भर समुद्रातल्या ठिकाणाची दिसत नाही, कारण तिथे चहूकडे पाणीच. आपलं ठिकाण मिनिटांच्या पद्धतीत १६ अंश ४८.९ मिनिटं उत्तर, ७२ अंश ४५ मिनिटं पूर्व असं भरायला हवं. मिनिटांच्या जागी ८१ आलं तर यंत्र सहसा ते घेत नाही. पण ६० च्या आतला चुकीचा आकडा ते मुकाट्यानं घेतं.

म्हणून ठिकाण यंत्रात साठवल्यावर बंदर सोडण्याआधीच त्याकडे जाण्याचा मार्ग उघडावा. यंत्र स्वतः त्या ठिकाणाचा दिशाकोन आणि अंतर काढून दाखवतं. मिरकरवाड्यात उभं राहून तिथे २५० अंश आणि ३२.४ मैल दिसायला हवेत. अंशा-दोन अंशांचा किंवा पाव-अर्ध्या मैलाचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर दोर सोडू नका, आकडे पुन्हा भरा.