सिंकखालचा पहारेकरी

सिंकखालच्या कपाटात स्टीलच्या दोन पट्ट्या अर्ध्या सेंटीमीटर अंतरावर ठेवू. त्या कोरड्या असताना वीज वाहत नाही. गळती झाली, की नळाच्या पाण्यातील क्षारांचे आयन अल्पसा प्रवाह वाहून नेतात. तो ट्रान्झिस्टरला पुरतो. ट्रान्झिस्टर मोटर सुरू करतो आणि मोटर पाण्याच्या नळावरची झडप पाव फेरा फिरवून बंद करते.

मात्र ओल्या पट्ट्यांना सतत एकाच दिशेने विद्युतदाब दिला, तर विद्युत अपघटनाने धन पट्टी झिजते. म्हणून आपण तो क्षणभरच आणि दिशा बदलत देऊ.

पट्ट्या सुकल्यावर झडप आपोआप उघडता कामा नये. नाहीतर गळती पुन्हा सुरू होईल. सिंकमध्ये साठलेले पाणी सांडपाण्याच्या नळीतून गळत असेल, तर मात्र ही झडप ते थांबवू शकत नाही.