वितळलेला दगड, न वितळलेला दगड

२० जून १९९६ रोजी राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, पिपलिया कलां गावाजवळ आकाशातून दगड कोसळले. दोन तुकडे हाती लागले, मिळून सुमारे ४२ किलोचे. वरची साल काळी, चकचकीत; आतून फिकट राखाडी. पडतानाच कळलं म्हणून बरं, नाहीतर हा दगड सहज नजरेतून सुटला असता. अशनी ओळखायला आपण आधी चुंबक लावून बघतो, आणि याच्यात धातूचं लोह नावापुरतंच. हा चक्क बेसाल्ट आहे. सह्याद्रीच्या कड्यांमधली पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार ही दोन खनिजं याच्यातही मुख्य आहेत. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की मात्र तो पृथ्वीवरचा नाही हे उघड होतं.

अशनींची दगडी, लोखंडी आणि मिश्र ही वाटणी जुनी आहे आणि दिसायला सोपी. पण अभ्यासक आधी वेगळाच प्रश्न विचारतात: हा दगड ज्या पिंडाचा भाग होता, तो पिंड कधी वितळला होता का? पडताना दिसलेल्या अशनींपैकी सुमारे ८५ टक्के अशनींचं उत्तर ‘नाही’ असं येतं. हे कॉन्ड्राइट. फोडले की आत मिलिमीटरभर आकाराचे गोल मणी दिसतात. हे मणी पिंडात येण्याआधीच अवकाशात वितळून थिजले होते; पिंड सबंध वितळला असता तर ते उरलेच नसते. उरलेल्या अशनींचे जनक वितळले. जड लोह तळाशी गेलं, त्यातून लोखंडी अशनी आले. वर लाव्हा थिजला, त्यातून पिपलिया कलांसारखे ‘युक्राइट’. युक्राइटांचं घर बहुधा वेस्टा हा लघुग्रह असावा, कारण त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश या दगडांशी जुळतो.

वेस्टाचा व्यास जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर. एवढासा पिंड वितळायला उष्णता आली कुठून? हॅरल्ड युरी यांनी १९५५ मध्ये सुचवलं होतं, की अल्पायुषी किरणोत्सारी ॲल्युमिनियम-२६ हा तो विस्तव असावा. तो सुमारे सात लाख वर्षांत निम्मा होतो आणि त्याचं मॅग्नेशियम-२६ बनतं. म्हणजे आज त्यातला एक अणूही सापडणार नाही. शोधायची ती राख.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी ती पिपलिया कलांच्या फेल्डस्पारमध्ये शोधली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. फेल्डस्पारच का? त्यात ॲल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम अगदी थोडं, त्यामुळे मॅग्नेशियम-२६ची बारीकशी भरही डोळ्यांत भरते. पण नुसती भर सापडून भागत नाही. ज्या कणात ॲल्युमिनियम जास्त, त्यात भरही त्याच प्रमाणात जास्त दिसली, तरच स्फटिक बनताना ॲल्युमिनियम-२६ जिवंत होतं असं म्हणता येतं. तसं दिसलं.

आता हिशेब. सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण म्हणजे काही कॉन्ड्राइटांमधले कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढरे ठिपके, वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. त्यांच्यात साध्या ॲल्युमिनियमच्या एक कोटी अणूंमागे ॲल्युमिनियम-२६चे सुमारे ५०० अणू होते. पिपलिया कलांचा फेल्डस्पार बनला तेव्हा साधारण साडेसात. पाचशेचे अडीचशे, मग सव्वाशे, बासष्ट, एकतीस, सोळा, आठ. सहा वेळा निम्मे. सहा गुणिले सात लाखांहून थोडं अधिक, म्हणजे ठिपक्यांनंतर साधारण ४३ लाख वर्षांनी हा फेल्डस्पार इतपत निवला होता की मॅग्नेशियमची सरमिसळ थांबली.

‘इतपत निवला’ असंच म्हणायला हवं. युक्राइट थिजल्यावर पुन्हा तापलेले असतात, आणि अशा वेळी घड्याळ अंशतः पुसलं जातं. लाव्हा त्याआधीच थिजला असण्याची शक्यता राहतेच. शिवाय हा सगळा हिशेब ॲल्युमिनियम-२६ सगळीकडे सारखंच पसरलं होतं, या गृहीतावर उभा आहे.

तरी त्यातून एक गोष्ट उलगडते. जो पिंड लवकर जमला, त्याच्या पोटात रसरशीत निखारे गेले आणि तो वितळला. उशिरा जमलेल्याच्या वाट्याला विझत आलेली चूल. लोखंडी अशनींमधल्या टंगस्टनच्या मोजणीतूनही हेच निघतं: त्यांच्यातल्या अनेकांचे जनकपिंड पहिल्या दहा-पंधरा लाख वर्षांतच जमले, तर बहुतेक कॉन्ड्राइटांचे त्यानंतर आणखी दहा-वीस लाख वर्षांनी. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला, कारण कॉन्ड्राइट म्हणजे ‘आदिम’ दगड असंच आपण वाचत आलो. आदिम आहे तो त्यांच्यातला माल. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेला आयेंदे हाताशी धरला, तर घर नंतरचं आहे आणि त्यात बसवलेले पांढरे ठिपके मात्र सगळ्या लोखंडी अशनींहून जुने.