दोनदा लिहिलेला शब्द आणि तीन खिडक्या

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बंबारा भाषा बोलतात. तिथे ‘वुलु’ म्हणजे कुत्रा आणि ‘वुलु ओ वुलु’ म्हणजे कुठलाही कुत्रा. याच भाषेत ‘कुत्रे शोधणारा’, ‘कुत्रे शोधणाऱ्यांना शोधणारा’ असे नामाचे शेपूट हवे तितके वाढवता येते, आणि असले लांबलचक नामसुद्धा ‘ओ’च्या दोन्ही बाजूंना जसेच्या तसे यावे लागते. १९८५ साली ख्रिस्तोफर क्युली यांनी यावरून दाखवले की बंबाराचा शब्दसंग्रह संदर्भमुक्त व्याकरणात मावत नाही.

संदर्भमुक्त व्याकरणात एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे ठेवण्याचे नियम असतात, आणि नियम लावताना शेजारी काय आहे हे पाहायचे नसते. अशा भाषा ओळखणाऱ्या यंत्राची स्मृती भाकऱ्यांच्या चवडीसारखी असते: शेवटी ठेवलेली आधी निघते. म्हणून शब्द आणि त्याचा उलटा शब्द ही जोडी त्याला सहज जमते. तोच शब्द सुलट क्रमाने पुन्हा आला की हवी असलेली भाकरी तळाशी अडकते. पण ही झाली समजूत. एखादी युक्ती सुचलीच नाही, असेही असू शकेल. सिद्धता हवी.

तिचे हत्यार बार-हिलेल, पेर्लेस आणि शमीर यांनी १९६१ मध्ये दिले. व्याकरणातले नियम मोजके असतात. त्यामुळे शब्द फार लांब झाला की त्याच्या रचनावृक्षाच्या एखाद्या फांदीवर तेच चिन्ह पुन्हा येते. त्या दोन जागांमधला भाग वगळला तरी वृक्ष नियमांत बसतो. अक्षरांच्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक संदर्भमुक्त भाषेला एक मर्यादा असते. तेवढ्या किंवा त्याहून लांब शब्दात, मर्यादेपेक्षा मोठी नसलेली एक खिडकी सापडते. तिच्यातले एक किंवा दोन तुकडे कापले तरी उरलेला शब्द भाषेतच राहतो. किमान एक अक्षर कापले जातेच. खिडकी कुठे असेल हे मात्र आपल्या हातात नसते, म्हणून सगळ्या जागा तपासाव्या लागतात.

मर्यादा ४ आहे असे धरू. आपण घेऊ हा शब्द:

कककक खखखख कककक खखखख

चार अक्षरांची खिडकी एका गटात किंवा दोन शेजारच्या गटांत बसते. चार गट आणि तीन सीमा अशी सात प्रकरणे करून बरेच विद्यार्थी पानेच्या पाने भरतात. खरे तर तीन पुरतात. कापलेली अक्षरे विषम असतील तर उरलेल्या शब्दाचे दोन सारखे भाग होतच नाहीत. राहिली २ किंवा ४.

खिडकी पूर्णपणे पहिल्या आठ अक्षरांत असेल तर? दोन अक्षरे गेली की १४ उरतात, मध्य सातव्या अक्षरानंतर. पण डावीकडे सहाच उरली आहेत, म्हणून सातवे अक्षर तिसऱ्या गटातला ‘क’ आहे. पहिला अर्धा ‘क’वर संपतो, दुसरा ‘ख’वर. चार गेली तरी पहिला अर्धा तिसऱ्या गटातल्या दुसऱ्या ‘क’वर संपतो. जुळले नाही.

खिडकी पूर्णपणे शेवटच्या आठांत असेल तर मध्य डावीकडे सरकतो. दुसरा अर्धा ‘ख’ने सुरू होतो, पहिला ‘क’ने.

खरी परीक्षा मध्यावर बसलेल्या खिडकीची. तिला दोन्ही बाजूंना किमान एक अक्षर हवे, म्हणून एका बाजूला ती तीनपेक्षा जास्त जात नाही. पहिले चार ‘क’ आणि शेवटचे चार ‘ख’ शाबूत, मधल्या दोन्ही गटांत किमान एक अक्षर शिल्लक. हा शब्द कुणाची द्विरुक्ती असेल, तर ते ‘कुणी’ ‘क’ने सुरू होऊन ‘ख’वर संपते. सांध्यावर ‘ख’नंतर ‘क’ येणार, आणि अशी जागा एकच आहे. म्हणजे डावीकडे चार ‘क’ व काही ‘ख’, उजवीकडे काही ‘क’ व चार ‘ख’. दोन्ही सारखे व्हायला ते ‘काही’ चारच हवेत, म्हणजे काहीच कापलेले नसले पाहिजे. पण कापले तर आहे.

४ च्या जागी कुठलीही संख्या घातली तरी युक्तिवाद तसाच चालतो.

शब्द निवडताना मात्र जपावे लागते. ककककखककककख घेतला, तर मधल्या ‘ख’च्या दोन्ही बाजूंचा एकेक ‘क’ कापता येतो आणि उरते कककखकककख, जी पुन्हा द्विरुक्तीच. यातून भाषा संदर्भमुक्त ठरत नाही. निवडलेला साक्षीदार कच्चा निघतो एवढेच.

गंमत अशी की द्विरुक्ती नसलेल्या सगळ्या शब्दांची भाषा संदर्भमुक्त आहे. विषम लांबीचे शब्द तर सोपेच. सम लांबीच्या अशा शब्दाच्या दोन अर्ध्यांत कुठेतरी एका जागी फरक असतो, आणि तेव्हा शब्दाचे विषम लांबीचे दोन तुकडे असे करता येतात की एकाच्या मधोमध ‘क’ येतो, दुसऱ्याच्या ‘ख’. कखकक घ्या: कखक आणि क. असे तुकडे जोडायला चवडीचे यंत्र पुरते.