हाताशी तेल असण्याची किंमत

रिफायनरीच्या टाकीतलं तेल संपत आलं असेल, तर तीन महिन्यांनी येणाऱ्या तेलाचा काय उपयोग? भट्टी आज थंड पडते. म्हणून दारात असलेल्या पिंपाला कागदावरच्या पिंपापेक्षा जास्त मोल असतं. या जादा मोलाला ‘कन्व्हीनियन्स यील्ड’ म्हणतात. आपण त्याला हाताशी असण्याचा लाभ म्हणू. तो कुठल्याही पावतीवर छापलेला नसतो, वायद्याच्या भावांतून शोधून काढावा लागतो.

समजा, कच्चं तेल आज ८० डॉलरला मिळतंय. ते घेऊन तीन महिने ठेवलं, तर अडकलेल्या पैशाचं व्याज (वर्षाला ५ टक्के धरू) १ डॉलर आणि टाकीचं भाडं दीड डॉलर. हिशेबाने तीन महिन्यांचा वायदा साडेब्याऐंशीला हवा. फळ्यावर मात्र ७७ दिसतो. मधले साडेपाच डॉलर म्हणजे हाताशी असण्याचा लाभ. वर्षाच्या वायद्याचाही असाच हिशेब करा. व्याज-भाडं धरून ९० व्हायला हवेत आणि भाव ७२ असेल, तर लाभ १८ डॉलर. पहिल्या तिमाहीत साडेपाच, उरलेल्या तिन्हींत सरासरी सव्वाचारच्याही आत. म्हणजे टंचाई आत्ताची आहे, पुढे ती ओसरेल असं बाजाराला वाटतं.

लांबचा वायदा असा जवळच्यापेक्षा स्वस्त असला की ते बॅकवर्डेशन. महाग असला की काँटँगो. दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या मंडळींना यावरून ‘उंधा बदला’ आठवेल. दोन्हींत एक फरक आहे. काँटँगो फार वाढला की व्यापारी आज तेल घेऊन साठवतात, पुढचा वायदा विकतात आणि दरी बुजवतात. बॅकवर्डेशनला अशी मर्यादा नाही, कारण पुढच्या वर्षीचं तेल आज काढून आणता येत नाही.

साठवायला टाकीच नसेल तर? २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, जूनचा मात्र २०.४३ वर. टाळेबंदीने मागणी आटली होती आणि ओक्लाहोमातल्या कुशिंगला, जिथे या वायद्याचं तेल ताब्यात घ्यावं लागतं, रिकामी टाकी मिळेना. नेहमीचं भाडं धरून त्या दिवशी गणित मांडलं, तर लाभ चक्क खोल उणे निघतो. पण तेल हाताशी असणं अचानक शाप झालं, एवढाच त्याचा अर्थ नाही. आपण धरलेलं भाडंच खोटं होतं. त्या भावात टाकी कुणी देतच नव्हतं. हा लाभ वजाबाकीतून उरतो, त्यामुळे भाड्याच्या अंदाजातली प्रत्येक चूक त्याच्याच खात्यावर पडते.

मुंबईत एमसीएक्सवर एप्रिलचा वायदा त्या भावाला बांधलेला होता. तो पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी मिटला.