कोष्टकातले मूल्य ओलांडले, म्हणजे नेमके काय झाले?

संख्याशास्त्राच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न असा असतो. दहा विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे तास आणि त्यांना मिळालेले गुण यांच्यातला सहसंबंध गुणांक ०.५८ आला. ५ टक्के सार्थकता स्तरावर कोष्टकातले मूल्य ०.६३२ आहे. तर निष्कर्ष लिहा. उत्तर पुष्कळदा असे लिहिले जाते: काढलेले मूल्य कोष्टकातल्या मूल्यापेक्षा कमी आहे, म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली, म्हणून अभ्यासाचे तास आणि गुण यांचा एकमेकांशी संबंध नाही. यातली तुलना अचूक आहे, पण शेवटचे विधान चूक आहे. असाच उलटा गैरसमजही तितकाच रुजलेला आहे. मूल्य कोष्टकापेक्षा जास्त आले की संबंध घट्ट आहे, इतकेच नव्हे तर एका गोष्टीमुळे दुसरी घडते, असे मानले जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कोष्टकातले मूल्य एकाच अगदी मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते आणि आपण त्याच्याकडून भलत्याच प्रश्नांची उत्तरे घेतो.

तो मर्यादित प्रश्न ०.६३२ हा आकडा कुठून येतो ते पाहिले की स्पष्ट होतो. अशी कल्पना करा की संपूर्ण समष्टीत दोन चलांचा सहसंबंध खरोखर शून्य आहे. तिच्यातून दहा-दहा जणांचे नमुने पुन्हा पुन्हा काढले, तर प्रत्येक नमुन्यात गुणांक बरोबर शून्य येणार नाही. कधी ०.२ येईल, कधी उणे ०.४, तर क्वचित ०.७ सुद्धा. अशा शंभर नमुन्यांपैकी सरासरी पाच नमुन्यांतच गुणांक ०.६३२ च्या पलीकडे, धन किंवा ऋण बाजूला, जातो. कोष्टक एवढेच सांगते. गणित करताना गुणांकाचे t मध्ये रूपांतर करतात:

t = r√(n−2) / √(1−r²)

आपल्या उदाहरणात t सुमारे २.०१ येतो आणि ८ स्वातंत्र्य मात्रांसाठी कोष्टकात २.३०६ दिलेले असते. वाट कोणतीही धरा, निर्णय तोच. या सूत्रात जाणाऱ्या गोष्टी मात्र दोनच आहेत: गुणांक आणि नमुन्याचा आकार. तिसरी कोणतीही माहिती या कसोटीला नसते.

म्हणूनच ०.५८ वरून "संबंध नाही" असे म्हणता येत नाही. दहाऐवजी बारा विद्यार्थी असते आणि गुणांक तोच आला असता, तर कोष्टकातले मूल्य ०.५७६ झाले असते आणि शून्य परिकल्पना नाकारावी लागली असती. दोन विद्यार्थी वाढल्याने अभ्यास आणि गुण यांच्यातले नाते बदलत नाही, बदलते ती आपल्याजवळच्या पुराव्याची ताकद. दहा जणांच्या नमुन्यावरून ९५ टक्के विश्वास अंतराल काढले तर ते साधारण उणे ०.०८ पासून ०.८९ पर्यंत पसरते. यात शून्य आहे, हे खरे. पण ०.३ आहे, ०.५ आहे आणि ०.८ सुद्धा आहे. त्यातले फक्त शून्य उचलून तेच खरे, असे ठरवायला काही आधार नाही. समष्टीतला सहसंबंध खरोखर ०.५ असला, तरी दहा जणांचा नमुना तीन वेळांपैकी जेमतेम एकदाच ०.६३२ ओलांडतो. तेव्हा उत्तरात लिहायचे ते असे: या नमुन्यावरून शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही. "स्वीकारली" हा शब्द अनेक पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी वापरतात, पण विद्यार्थ्याच्या मनात तो "सिद्ध झाली" असा उतरतो. म्हणून तो टाळलेलाच बरा.

आता दुसरी बाजू. शंभर जणांच्या नमुन्यात कोष्टकातले मूल्य ०.१९७ इतके खाली येते. तिथे ०.२० गुणांक आला तर तो सार्थक ठरतो आणि दहा जणांमधला ०.५८ मात्र ठरत नाही. ०.२० चा वर्ग ०.०४. म्हणजे एका चलातल्या चढउतारांपैकी फक्त चार टक्के भाग दुसऱ्या चलाशी रेषीय नात्याने जोडता येतो, उरलेला ९६ टक्के अन्य कारणांचा. संख्याशास्त्रात "सार्थक" याचा अर्थ मोठा किंवा महत्त्वाचा असा नाही. शून्यापासूनचे हे अंतर निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने पडले असे मानणे कठीण आहे, इतकाच त्याचा अर्थ. संबंध किती घट्ट हे गुणांकालाच विचारावे लागते.

गुणांकही मोठा आणि मूल्यही ओलांडलेले, असे असेल तर? ब्रिटिश लेखक-संशोधक रॉबर्ट मॅथ्यूज यांनी २००० साली युरोपातल्या १७ देशांची आकडेवारी घेऊन हाच प्रश्न तपासला. करकोचे बाळ आणून देतात, अशी युरोपात जुनी लोककथा आहे. त्यांनी प्रत्येक देशातल्या करकोच्यांच्या जोड्यांची संख्या आणि वर्षाला होणारे जन्म यांचा सहसंबंध काढला. तो ०.६२ आला. १५ स्वातंत्र्य मात्रांसाठी कोष्टकातले मूल्य ०.४८२ आहे, म्हणजे ते सहज ओलांडले गेले. संबंध मुळीच नसता तर इतका किंवा याहून मोठा गुणांक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता हजारात आठ. कसोटीत कुठेही चूक नाही आणि तिचा निर्णयही खरा आहे: हे आकडे खरोखर एकत्र वाढतात. पण देश मोठा असला की तिथे माणसे जास्त, म्हणून जन्म जास्त, आणि करकोच्यांना राहायला जागाही जास्त. देशाचे क्षेत्रफळ हे तिसरे चल सूत्रात कधी गेलेच नाही, मग सूत्र त्याबद्दल काय सांगणार? योगायोग नाही हे ठरले, तरी कारण कोणते हा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो.

यावर कोणी म्हणेल की मग कोष्टक हवेच कशाला, नुसता गुणांक द्यावा. हे मला पटत नाही. पाच जणांच्या नमुन्यात कोष्टकातले मूल्य ०.८७८ असते. म्हणजे तिथे ०.८ सारखा भरभक्कम दिसणारा गुणांकसुद्धा योगायोगाच्या कक्षेत बसतो आणि हे नुसत्या डोळ्यांना कधीच दिसले नसते. छोट्या नमुन्यावर भाळण्यापासून आपल्याला अडवणे हे कोष्टकाचे खरे काम आहे आणि ते काम ते चोख करते.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. जास्त अभ्यासाने गुण कमी होतील असे कोणी मानत नाही, मग दोन्ही बाजू का मोजायच्या? फक्त धन बाजू तपासली तर दहा जणांसाठी मूल्य ०.५४९ होते आणि ०.५८ त्याच्या पुढे जातो. आकडेवारी गोळा करण्याआधीच परिकल्पना तशी मांडली असेल, तर हे पूर्णपणे रास्त आहे. पण मग उणे ०.७ आला असता तरी त्याची दखल घ्यायची नाही, हेही तेव्हाच मान्य केलेले असावे लागते. गुणांकाचे चिन्ह पाहून मग बाजू निवडली, तर धन आल्यावर ०.५४९ आणि ऋण आल्यावर उणे ०.५४९ अशा दोन्ही सीमा प्रत्यक्षात उघड्या राहतात. कागदावर ५ टक्के लिहिले जाते आणि नसलेला संबंध सापडल्याचे सांगण्याचा धोका १० टक्के झालेला असतो.