कंटाळ्यात नखं, विचारात बोटं

नखं कुरतडणारा दिसला की त्याला टेन्शन आलंय, असं आपण ठरवूनच टाकतो. ते अर्धंच खरं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या प्रसंगांत बसवून पाहिलं. कधी एकट्यानं नुसतं बसायचं, कधी अवघड गणितं सोडवायची, कधी कुणाशी गप्पा मारायच्या, तर कधी तोंडात बोट गेलं की कुणीतरी टोकायचं. नखं सर्वांत जास्त खाल्ली गेली ती एकटं बसल्यावर आणि गणितं सोडवताना. गप्पांत आणि टोकल्यावर हात खाली राहिले.

रिकामं बसणं आणि गणितात अडकणं या तर उलट टोकाच्या गोष्टी. मग दोन्ही वेळी बोटं तोंडाकडेच का जातात? मानसशास्त्रज्ञांचं एक म्हणणं असं, की मेंदूला काहीच काम नसलं तर तो चाळवणूक शोधतो, आणि उत्तर सापडत नसलं की साचलेल्या वैतागाला वाट हवी असते. नखाची खरखरीत कड दातांत धरली की दोन्ही गरजा तेवढ्यापुरत्या भागतात. तेवढ्या सुटकेनं सवय पक्की होत जाते, आणि पुढं हात कधी वर गेला हे कळतही नाही.

बोटं मोडण्यात आवाजाचं बक्षीस आणखी. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. बोट ताणलं की आतला दाब एकदम कमी होतो, द्रवात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा तयार होतो आणि ‘कट्’ वाजतं. आवाज बुडबुडा तयार होताना येतो की तो फुटताना, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण २० मिनिटं थांबावं लागतं. म्हणून तर माणूस एकेक करत दहाही बोटं मोडून घेतो.

‘म्हातारपणी सांधे धरतील’ हा घरोघरीचा धाक मात्र टिकला नाही. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी सुमारे ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. १९९८ साली त्यांनी कळवलं, की संधिवात कुठल्याच हाताला नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण पुढच्या अभ्यासांतही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध दिसलेला नाही.

नखांचं तसं नाही. कड सोलली जाते, जंतू शिरतात आणि नखुरडं होतं. कडू औषध लावून पाहतात, पण हाताला दुसरं काम देणं जास्त उपयोगी. १९७३ मध्ये ॲझ्रिन आणि नन यांनी मांडलेली रीत साधी आहे: हात तोंडाकडे निघाल्याचं आधी ओळखायला शिकायचं, मग मूठ घट्ट मिटून दोनतीन मिनिटं तशीच ठेवायची. नखांतून रक्त येत असेल किंवा बोट सुजून ठणकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.